तीस अधिक पाच, अठ्ठावीस अधिक सात : शब्द शेवटच्या क्षणी बदलणार असतील तेव्हाचं रेकॉर्डिंग

२०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एका तालुका दूध संघाच्या माहितीपटाला मी आवाज दिला. सहा मिनिटांची फिल्म, पाच पानांची स्क्रिप्ट. काम लहान, पण त्यातली एक ओळ पाच आठवड्यांत दोनदा बदलली आणि दुसरी एक ओळ पूर्ण निघाली. बदल होणार हे आधी कळलं होतं म्हणून तयारी केली होती. त्यातली काही तयारी कामाला आली, काही साफ चुकली. व्हॉइसओव्हर नव्याने करणारे बरेच जण याच ठिकाणी अडकतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

९ सप्टेंबरला निर्मात्यांचा फोन आला. हे पुण्यातले एक दादा, छोट्या संस्थांच्या फिल्म करतात. २८ तारखेला संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा होती, तिथे फिल्म दाखवायची आणि नंतर गावोगावच्या संकलन केंद्रांवर चालवायची. मी दर सांगितला : आवाजाचे आठ हजार, स्टुडिओचं भाडं वेगळं. दर सांगतानाच एक अट घातली. मी आधी लिहून मंजूर करून घेतलेल्या पर्यायांपैकी कुठलाही पर्याय नंतर वापरला तर जादा पैसे नाहीत, पण नवीन वाक्य आलं आणि पुन्हा बूथमध्ये उभं राहावं लागलं तर दीड हजार आणि स्टुडिओ. अशी अट सुरुवातीला बोलून घेतली की नंतर कुणाचा चेहरा पडत नाही. दादा म्हणाले, "ताई, हे मेलवर टाका." टाकलं.

स्क्रिप्ट आली ११ तारखेला, गौरीपूजनाच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी गौरी गेल्यावर सकाळी प्रिंट काढली आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. पहिलं वाचन मी अर्थासाठी करत नाही, "यातलं काय हलू शकतं" एवढंच शोधत वाचते. आकडे, तारखा, पदं, योजनांची नावं, "पहिला", "सर्वाधिक" असे दावे आणि कुणाचे आभार मानणारी वाक्यं, यांच्याखाली रेघ. ४१ ओळींपैकी ९ ओळी लाल झाल्या. सगळ्यात जास्त लाल होती ती ओळ १७ :

"साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या गायीच्या दुधाला संघाकडून तीस रुपये आणि शासनाचं पाच रुपये अनुदान, असे मिळून लिटरमागे पस्तीस रुपये आपल्या हाती पडतात."

ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे आकडे पाठ असतात. राज्यात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, या गुणप्रतीवर ठरतो आणि त्या वर्षी जुलैपासून शासनाचं लिटरमागे पाच रुपये अनुदान सुरू होतं. मी योजनेचा कालावधी पाहिला तर तो ३० सप्टेंबरला संपत होता. म्हणजे सभा २८ तारखेला आणि दोनच दिवसांनी ओळ १७ शिळी. अनुदान वाढेल, थांबेल किंवा आहे तेवढंच पुढे चालू राहील, तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं : ही ओळ बदलणार असं गृहीत धरून चालायचं.

दुसरी जागा ओळ ३९. तिथे शासनाच्या निर्णयाबद्दल आभार होते. विधानसभा निवडणूक तोंडावर आली होती. आचारसंहिता लागल्यावर संघ ही ओळ ठेवेल का, हा प्रश्न मी कागदाच्या कडेला लिहून ठेवला.

मग दादांमार्फत संघाच्या सचिवांना तीन प्रश्न पाठवले. स्क्रिप्टला अंतिम मंजुरी कोण देणार? यातल्या कुठल्या ओळी अजून मंजूर व्हायच्या आहेत? आणि फिल्म किती महिने चालणार? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, पण सगळं त्यावर ठरतं. सभेपुरती फिल्म असेल तर एक आकडा पुरतो, वर्षभर चालणार असेल तर आकडा बोलायचाच कशाला, असा विचार करावा लागतो. सचिवसाहेबांचा फोन दुसऱ्या दिवशी थेट मला आला. "मॅडम, मंजुरी अध्यक्षांची. दर वर-खाली होऊ शकतो. आणि ते 'इअर टॅग' काढा, आमच्याकडे बिल्ला म्हणतात." ओळ १८ मध्ये अनुदानासाठी जनावराच्या कानात टॅग आणि त्याची ऑनलाइन नोंद हवी, असं होतं. बिल्ला हा शब्द ऐकून बरं वाटलं, कारण तो शेतकऱ्याचा शब्द आहे. तरी दोन्ही शब्दांनी ओळ घ्यायची ठरवली. शासकीय कागदात टॅगच आहे आणि अध्यक्षांना कोणता शब्द आवडेल ते सचिवांनाही सांगता येत नव्हतं.

पर्याय लिहिताना मी एक नियम पाळते : शब्दाचा पर्याय नाही, वाक्याचा पर्याय. पूर्वी एका संस्थेच्या वर्धापनदिनाच्या फिल्मला एका पदाधिकाऱ्याचं पद शेवटच्या दिवशी बदललं आणि एडिटरने दुसऱ्या वाक्यातला "उपाध्यक्ष" कापून इथे चिकटवला. तो शब्द तिकडे वाक्याच्या शेवटी होता, आवाज खाली येताना बोललेला, आणि इथे तो मधोमध बसवला. प्रत्येक ऐकणाऱ्याला ठिगळ ऐकू गेलं. तेव्हापासून एकेक शब्द सुटा देणं मी बंद केलं.

मराठीत तर हे आणखी अवघड आहे. "अनुदान जमा होतं" मधला "अनुदान" काढून "रक्कम" घातला की क्रियापदही "होते" व्हायला हवं. "योजना" घातली तर "सुरू झालं" चं "सुरू झाली". "अध्यक्षांच्या हस्ते" मधल्या पदावर प्रत्यय चिकटलेला असतो, त्याचं जोडकाम होत नाही. नाम बदललं की वाक्याचं शेपूटही हलतं, त्यामुळे संपूर्ण वाक्य नव्याने बोलण्यावाचून इलाज नसतो.

आकड्यांच्या बाबतीत थोडी वाट आहे. आकड्याच्या आधी छोटा विराम असेल तर कात्री तिथे बसते. शब्दाची सुरुवात प, त, क अशा वर्णाने होत असेल तर ओठ किंवा जीभ क्षणभर मिटते, तेवढ्या शांततेतही कापता येतं. आधीचा स्वर लांबत जाऊन पुढच्या म, न, र मध्ये मिसळत असेल तर मात्र जोड ऐकू येतो. म्हणून ओळ १७ चे दोन तुकडे केले. गुणप्रतीचं वाक्य वेगळं, पैशांचं वेगळं. बदल झालाच तर गुणप्रतीला हात लावावा लागू नये, एवढाच हेतू.

पैशांच्या वाक्याचे मी चार पर्याय लिहिले. क मध्ये मूळचं तीस, पाच, पस्तीस. ख मध्ये अनुदान सहा झालं तर तीस, सहा, छत्तीस. ग मध्ये सात झालं तर तीस, सात, सदतीस. आणि घ मध्ये एकही आकडा नाही : "संघाचा दर आणि शासनाचं अनुदान, या दोन्हींचा हिशेब आपल्या पासबुकात स्पष्ट दिसतो." घ लिहिताना मला तो जरा गुळगुळीत वाटला होता. पण आकडे नसलेलं एक वाक्य हाताशी ठेवायचंच, ही सवय आहे, म्हणून ठेवला. सगळे पर्याय आणि बाकीच्या लाल ओळी एका तक्त्यात मांडून १४ तारखेला मेलने पाठवल्या आणि "हे सर्व पर्याय वाचायला हरकत नाही" असं लेखी उत्तर मागितलं. ते १८ तारखेला आलं. चार दिवस गेले, मधे अनंत चतुर्दशी होती.

१९ ला, गुरुवारी, दुपारी तीन ते पाच असा स्टुडिओ घेतला. तासाला सातशे. विसर्जनाचा आवाज शहरातून गेला होता, पण हवेत धूळ होती, म्हणून सकाळपासून कोमट पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

बूथमध्ये गेल्यावर रेकॉर्डिस्टने माइक लावला, आणि मी मोबाइलवर फोटो काढला. माइकपासून तोंड एक वीत, पॉप फिल्टर मधे, कागदाचं स्टँड डाव्या हाताला, उभी आहे ती जागा जमिनीवर चिकटपट्टीने खुणावलेली. माइकचा गेन किती ठेवलाय तेही त्याच्याकडून लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी एक वाक्य पुन्हा बोलायची वेळ आली तर हाच फोटो उपयोगी पडतो.

इथे सेफ्टी आणि पर्याय यातला फरक सांगायला हवा, कारण क्लायंट दोन्हींना "एक्स्ट्रा" म्हणतात. पर्याय म्हणजे वेगळे शब्द. सेफ्टी म्हणजे तेच शब्द, पुन्हा एकदा, टेक ओके झाल्यानंतर. ओके टेकमध्ये कागद सरकल्याचा, जिभेचा, पोटातला आवाज बूथमध्ये लक्षात येत नाही, एडिटरच्या टेबलावर येतो. सेफ्टी घ्यायची ती लगेच, परिच्छेद संपताच, श्वास आणि भाव तोच असताना. अर्ध्या तासाने घेतलेली सेफ्टी ही वेगळ्याच मूडची टेक असते. आणि सेफ्टीत मी थोडाही अभिनय बदलत नाही. "यात जरा गोडवा आणते" असं केलं की ती पहिल्या टेकच्या जागी बसत नाही.

पूर्वी मी सगळे पर्याय शेवटी घ्यायचे. दोन तासांनंतरचा आवाज थकलेला, जड असतो, त्यामुळे वापरायची वेळ आली की तो पर्याय फिल्ममध्ये वेगळा पडायचा. या वेळी ओळ १७ आली तेव्हाच क, ख, ग, घ चारही घेतले आणि प्रत्येक वेळी ओळ १६ पासून बोलत आले. मागच्या वाक्याची चाल घेऊन आत शिरलं की चारही पर्यायांची सुरुवात एकाच उंचीवर होते. जास्तीची ओळ १६ एडिटर फेकून देतो, त्याचं काही बिघडत नाही.

ओळ ३९ साठी वेगळी युक्ती. आभाराची ओळ निघाली तर ओळ ३८ वर परिच्छेद संपणार. पण ३८ बोलताना पुढे अजून काही येतंय अशा चढत्या सुरात मी बोलणार, आणि मग ३९ कापली की आवाज हवेत लोंबकळत राहणार. म्हणून ३८ दोनदा घेतली : एकदा पुढे नेणारी, एकदा आवाज खाली आणून संपवणारी. शब्द अक्षरशः तेच. स्क्रिप्टमध्ये एखादी ओळ गळण्याची शंका असेल तेव्हा गळणाऱ्या ओळीपेक्षा तिच्या आधीच्या ओळीची काळजी घ्यावी लागते, हे मला फार उशिरा कळलं.

प्रत्येक टेकआधी तोंडाने सांगत होते : "ओळ सतरा, पर्याय ग, टेक एक." शेवटी चाळीस सेकंद कुणीही न हलता बूथची नुसती शांतता रेकॉर्ड केली. वाक्य कापून विराम वाढवायचा असेल तर एडिटर ती शांतता भरतो, नाहीतर मधे एकदम पोकळी ऐकू येते. पाच वाजायला दहा मिनिटं असताना उठलो.

२० ला फाइल गेल्या. व्हिडिओसाठी मागतात तशा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. नावांत क, ख, ग, घ च्या जागी A, B, C, D, अशी :

```
DS_L17_A_T2_OK.wav
DS_L17_A_T3_SAFE.wav
DS_L17_D_T1_OK.wav
DS_L38_END_T1_OK.wav
```

सोबत एका पानाचा तक्ता : ओळ, पर्याय, पूर्ण वाक्य, किती सेकंद. सेकंद महत्त्वाचे, कारण चित्र आधीच कापलेलं असतं. ओळ १७ च्या पैशांच्या वाक्याला साडेसहा सेकंदांची जागा होती. क सहा सेकंदांचा, घ साडेपाचचा. पर्याय जागेपेक्षा लांब झाला तर तो पर्यायच नाही.

२३ सप्टेंबरला सोमवारी मंत्रिमंडळाचा निर्णय आला. १ ऑक्टोबरपासून अनुदान लिटरमागे सात रुपये. बातमीची पहिली ओळ वाचली आणि मला हायसं वाटलं, ग तयार होता. मग दुसरी ओळ वाचली. दूध संघांनी द्यायचा दर अठ्ठावीस रुपये. म्हणजे अठ्ठावीस अधिक सात, बेरीज पुन्हा पस्तीस. माझ्या ग मध्ये होतं तीस, सात, सदतीस. अनुदान बदललं तर संघाचा दरही हलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक आकडा हलवून बाकीचे स्थिर धरले होते. ख फुकट, ग फुकट, आणि क सभेनंतर दोन दिवसांनी खोटा. चुटपुट लागून राहिली. आता आकड्याखाली रेघ मारली की तो कशाच्या बेरजेतून आलाय ते विचारते, आणि बेरजेतल्या प्रत्येक संख्येखाली रेघ मारते.

रात्री नऊला दादांचा फोन. एडिट २४ ला रात्री बंद करायचं होतं, २५ ला अध्यक्ष पाहणार होते. पुन्हा बोलून देणं हा सरळ मार्ग होता, पण दोन दिवसांच्या पावसाने माझा घसा बसलेला होता. मी घरी दोन ओळी बोलून १९ तारखेच्या टेकशेजारी लावून ऐकल्या. खर्जात खरखर होती, जुळणार नाही हे पहिल्याच शब्दाला कळलं. तसं स्पष्ट सांगितलं आणि घ सुचवला.

मला एक गोष्ट टोचत होती. घ मध्ये आकडे नाहीत, म्हणजे संघाचा दर दोन रुपयांनी खाली येतोय हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. हे मी सचिवसाहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आकडे पडद्यावर येऊ द्यात, मॅडम. सभेत विचारणारच की लोक." मग घ च्या वाक्यावर पडद्यावर अक्षरं आली : १ ऑक्टोबरपासून संघ २८ + अनुदान ७ = ३५. वाक्य साडेपाच सेकंदांचं, उरलेल्या एका सेकंदात बूथची शांतता भरली, वाचायला वेळ मिळाला. घ ची ओके टेक वापरताना एडिटरला "पासबुकात" वर ओठांचा टक् असा आवाज सापडला. सेफ्टीमधून तो निम्मा वाक्यांश घेतला, जोड कुठे आहे ते मलाही ओळखता आलं नाही.

मंजुरी दादांनी फोनवरच घेतली होती. मी आग्रहाने एक ओळीचा मेल मागवला : "ओळ १७, पर्याय घ, मंजूर." आणि ऐकायला पाठवताना ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. कोणी स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेज करून पुढे पाठवला की आवाज चपटा होतो आणि "मॅडमचा आवाज बसलाय का" असे प्रश्न येतात. २८ ला सभा झाली. फिल्म चालली.

१५ ऑक्टोबरला निवडणुकीची घोषणा झाली. १६ ला, कोजागरीच्या दिवशी, फोन : संकलन केंद्रांवरच्या प्रतीतून आभाराची ओळ काढायचं संघाने ठरवलंय. त्यासाठी मला काहीच करावं लागलं नाही. `DS_L38_END_T1_OK.wav` एवढं नाव एडिटरला कळवलं. पण केंद्रांवर बरेच जण पडद्याकडे न बघता कॅन उतरवत नुसतं ऐकतात, म्हणून तिथे आकडे बोलूनच हवेत, असं सचिवांचं म्हणणं होतं. ते मला पटलं. सोबत आणखी एक दुरुस्ती : "साडेतीन फॅट" नको, "तीन पाच, आठ पाच" म्हणा, केंद्रावर तसंच बोलतात.

१७ ला त्याच स्टुडिओत, त्याच वेळी, दुपारी तीनला गेले. सकाळी माझा आवाज जास्त खोल असतो, त्यामुळे वेळ तीच ठेवणं महत्त्वाचं होतं. फोटो पाहून माइक, स्टँड, चिकटपट्टी तशीच लावली. हेडफोनवर १९ सप्टेंबरच्या ओळी १४ ते १६ तीनदा ऐकल्या, मग त्यांच्यावर माझा आवाज चढवत बोलले आणि न थांबता नव्या ओळ १७ मध्ये शिरले : "तीन पाच, आठ पाचच्या गायीच्या दुधाला संघाकडून अठ्ठावीस रुपये, शासनाचं अनुदान सात रुपये, मिळून लिटरमागे पस्तीस." पहिल्या दोन टेक वरच्या पट्टीत गेल्या, एकट्या वाक्यासाठी उभं राहिलं की उत्साह जास्त होतो. तिसरी बसली. चौथी सेफ्टी. "अठ्ठावीस" मधला जोडाक्षरी ठ्ठ माइकला धक्का देत होता, म्हणून त्या शब्दापुरतं तोंड किंचित बाजूला केलं. बावीस मिनिटांत बाहेर, पण भाडं पूर्ण तासाचं.

बिल असं झालं : आवाजाचे आठ हजार, नवीन वाक्याचे दीड हजार, स्टुडिओचे तीन तास एकवीसशे. एकूण अकरा हजार सहाशे. घ आणि ओळ ३८ चे पैसे लावले नाहीत, ते अटीतच होतं. दादांच्या अकाउंटंटने पॅन आणि रद्द केलेला चेक मागितला. त्या वर्षी व्यावसायिक फीवरची टीडीएसची मर्यादा वर्षाला तीस हजार होती आणि त्यांच्याकडचं माझं वर्षभराचं काम तेवढं नव्हतं, म्हणून कपात झाली नाही. बिलाला मी दोन्ही मंजुरींचे मेल जोडले होते. दीड हजार कशाचे, असा फोन आला, तेव्हा ९ सप्टेंबरचा मेल पुढे केला. पैसे दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात आले.